छत्र कुणाच्या डोक्यावर?

शिरूरमध्ये फ्लेक्स लावणं सोपं आहे, तो दरबारी मास्तरांच्या नजरेखालून जाणं अवघड. मास्तर चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांकडून मडकी आणि पडदे काढून घेता घेता निवृत्त झाले आणि मग त्यांनी मडकी सोडून माणसं धरली. माणसं म्हणजे जुन्या दरबारी चित्रांतली. खोलीत कुराणापासून ज्ञानेश्वरीपर्यंत काहीही नाही, फक्त मोगल दरबारांच्या छापील प्रती, एक भिंग आणि एक पट्टी. पट्टी कशाला, असं कुणी विचारलं की त्याची दुपार गेली.

“चित्रात चाळीस माणसं आहेत. बादशहा कोणता?” मास्तर विचारतात. समोरचा बिचारा मधल्या माणसावर बोट ठेवतो. “का?” “मधे आहे म्हणून.” “मधे तर खांबही आहे!” आणि वर्ग सुरू होतो. ऐकणारा एसटीची वाट बघणारा असो की उसाचं बिल आणायला निघालेला, त्याची सुटका नाही.

मास्तरांची पहिली अट अशी की आधी सगळ्यांत मोठा माणूस शोधायचा नाही, आधी सगळ्यांत मोकळी जागा शोधायची. दरबारात माणसाला माणूस चिकटलेला असतो, पागोट्याला पागोटं घासत असतं. ज्याच्याभोवती हवा आहे तो मालक. बॉस्टनच्या संग्रहालयात जहांगीराच्या दरबाराचं एक चित्र आहे, साधारण 1620 च्या सुमाराचं, मनोहर आणि अबुल हसन यांच्या नावांशी जोडलेलं. मास्तरांचं हे लाडकं चित्र. खाली दाटी अशी की चौफुल्याला शनिवारी रात्री असते तशी, आणि वर झरोक्यात जहांगीर सुटा बसलेला. मापानं तो फार मोठा नाही. मापानं मोठा तर खाली उभा असलेला हत्ती आहे. “मोठा तो राजा असा नियम लावला तर हत्तीला मुजरा करावा लागेल,” मास्तर म्हणतात. अजिंठ्याच्या भिंतीवर आकारावरून माणसाची पायरी कळते. पद्मपाणी शेजारच्यांपेक्षा केवढा तरी मोठा आहे. पण मोगलांच्या चित्रकाराला माणसं खरीखुरी दिसायला हवी होती, म्हणून त्यानं मोठेपणा मापातून काढला आणि उंचीवर, मोकळ्या जागेवर नेऊन ठेवला. माप फक्त एकाच रांगेतल्या माणसांत लावायचं. पट्टी त्यासाठी.

दुसरी अट ऐकताना बहुतेक जण अडकतात. बादशहाच्या सर्वांत जवळ उभा आहे तो मोठा सरदार असणार, असं आपल्याला वाटतं. मास्तर हसतात. “जवळ कोण? मोरचेलवाला! साहेबाच्या गाडीचं दार उघडणारा साहेबाच्या सर्वांत जवळ असतो, म्हणून तो आमदार होतो का?” मोरचेल किंवा चवरी ढाळणारा सिंहासनामागे उभा असतो, आणि चित्रकार त्याला अनेकदा थोडा लहान, थोडा साधा काढतो. म्हणून हात बघायचे. हातात चवरी, तबक, पानदान असेल तर नोकर. हात पोटाशी बांधलेले किंवा जोडलेले, कमरेला कट्यार, पागोट्याला रत्न, आणि चेहरा बादशहाकडे वळलेला, तर सरदार. या नियमाला अपवादही आहेत. बादशहाची तलवार धरून उभा असलेला माणूस मोठ्या घरचा असू शकतो, कारण ती धरायला मिळणं हाच मान. अशा ठिकाणी मास्तर भिंग काढतात आणि कपड्याच्या काठाकडे जातात.

त्या बॉस्टनच्या चित्रात बऱ्याच जणांच्या कपड्यांवर बारीक फारसी अक्षरांत नावं लिहिलेली आहेत. तिथं अंदाज बांधायचं कामच उरत नाही. काळ्या झग्यातला एक ख्रिस्ती पाद्रीही गर्दीत आहे, तो फादर कोर्सी असावा असं अभ्यासक मानतात. “फ्लेक्सवर नाव खाली असतं, यांनी गळ्यावर टाकलं, बाकी फरक काय?” असं मास्तर म्हणतात तेव्हा वाटतं की ते थट्टा करताहेत. ते थट्टा करत नसतात.

प्रभावळीबद्दल मात्र ते कडक आहेत. अकबराच्या हयातीतल्या चित्रांत त्याच्या डोक्यामागे तेजाचं वर्तुळ नाही. जेझुइट पाद्री 1580 मध्ये फतेहपूर सिक्रीला आले, येशू आणि मेरीची चित्रं घेऊन आले, आणि पुढे जहांगीराच्या काळात ते वर्तुळ पाद्र्यांच्या संतांच्या डोक्यावरून उतरून बादशहाच्या डोक्यामागे बसलं. बादशहा हा दैवी तेजाचा धनी, ही कल्पना अबुल फजलनं आधीच लिहून ठेवली होती. तिला आकार आयता मिळाला. त्यामुळे जहांगीर आणि शहाजहानच्या चित्रांत वर्तुळ दिसलं की सहसा काम संपलं. पण अठराव्या शतकात राजस्थानातले राजेही आपल्या चित्रांत तेजाचं वर्तुळ काढून घेऊ लागले आणि त्याचा भाव उतरला. त्या काळच्या चित्रात वर्तुळ दिसलं की मास्तर फक्त एवढंच म्हणतात, “कुणीतरी राजा आहे. कुठला ते नंतर.”

या भावाच्या घसरणीचा पुढचा टप्पा त्यांना न्हावऱ्याच्या नाक्यावर दिसला. एका कार्यकर्त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता आणि त्याच्या डोक्यामागे सोनेरी किरणं फिरत होती. मास्तर एसटीतून उतरले. दौंडला लेकीकडे जायचं होतं, ते राहिलं. शेजारच्या टपरीवर फ्लेक्सचा मालकच चहा पीत होता.

“हे चक्र कुणी दिलं तुला?”

“डिझाइनमध्ये असतंय मास्तर, फुकट.”

“अकबराला मिळालं नव्हतं हयातीत.”

“मग त्याला प्रिंटर चांगला नसंल भेटला.”

मास्तर यावर काही बोलले नाहीत. त्यांच्याबाबतीत हे दुर्मीळ आहे.

छत्राचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढतो, कारण इथं आपल्याच लोकांचा घोळ आहे. पालखीबरोबर आपण अब्दागीर बघतो, मिरवणुकीत छत्र बघतो आणि दोन्हीला छत्रीच म्हणतो. आइन-ए-अकबरीत ही दोन्ही बादशहाच्या खुणांत वेगवेगळी नोंदली आहेत. छत्र डोक्यावर धरायचं, छत्रीसारखं. आफताबगीर म्हणजे आपलं अब्दागीर. लांबट पानाच्या आकाराचं, कलाबतूनं मढवलेलं, हातभराहून मोठं, आणि ते बाजूनं ऊन अडवायला धरायचं. अकबराच्या यादीत दोन्ही राजालाच. पुढे मराठ्यांच्या दरबारात अब्दागीर सरदारांना मान म्हणून मिळायला लागलं. म्हणून मराठी काळच्या चित्रात बाजूला ते पान दिसलं की त्या माणसाला छत्रपती म्हणून मोकळं व्हायचं नाही. दांडा कुठून निघतो आणि कापड कुणाच्या डोक्यावर पडतं ते बघायचं. गर्दीच्या चित्रात छत्राचा दांडा धरणारा एकाच्या मागे उभा असतो आणि कापड भलत्याच्याच डोक्यावर आल्यासारखं दिसतं. दांड्यावरून बोट फिरवत खाली येत गेलं की गाठ सुटते.

चेहऱ्यांकडे ते सगळ्यांत शेवटी जातात, हे मला आवडतं. लोक चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि दाढीत अडकतात. मास्तर फक्त कान बघतात. अजमेरला 1614 मध्ये जहांगीरानं ख्वाजा मोइनुद्दीनवरच्या श्रद्धेपोटी कान टोचून मोती घातले आणि बघता बघता दरबाऱ्यांनीही कान टोचून घेतले. तेव्हा जहांगीराच्या कानात मोती दिसले तर चित्र त्यानंतरचं. आणि मोती दिसले म्हणून तो बादशहा, असंही नाही; मोती तोवर खुशामतीचे झाले होते. “साहेबांनी दाढी ठेवली की तालुका दाढी ठेवतो,” एवढं बोलून ते पुढच्या चित्राकडे वळतात.

हे सगळं शास्त्र एकदा चांगलंच अडलं, आणि तेही घरच्याच दरबारात. दौंडच्या जावयानं, तो रेल्वेत आहे, सासऱ्यांना खूश करायला पेशव्यांच्या दरबाराच्या एका मोठ्या तैलचित्राची प्रत आणली. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट 1790 मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात तह करतो आहे, असा विषय. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात. मास्तरांनी भिंग लावलं. प्रभावळ नाही. छत्र नाही, कारण दरबार छपराखाली आहे. सगळ्यांची डोकी जशी असतात तशी, जवळची मोठी, लांबची लहान. म्हणजे पुढे बसलेला कोणीही मागच्या सरदारापेक्षा मोठा. पट्टी निकामी झाली. मास्तरांनी जेवताना दोनदा पानावरून उठून चित्र बघितलं. लेकीनं आमटी झाकून ठेवली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी नवा रस्ता काढला. गोऱ्यांच्या पद्धतीच्या चित्रात माप अंतराचं असतं, मानाचं नाही, म्हणून इथं आधी गादी आणि लोड शोधायचे. मग कोण बसलं आहे आणि कोण उभं आहे ते बघायचं. मग नजरा कुठे जमतात ते. या तिन्ही खुणा जुळल्या की पेशवे सापडतात.

“पण मग साहेब एवढ्या थाटात कसा दिसतोय?” जावयानं विचारलं.

हा प्रश्न मास्तरांनी आनंदानं घेतला. चित्र काढायला घेतलं होतं जेम्स वेल्स या चित्रकारानं. तो पुण्यात आला 1792 मध्ये, म्हणजे तह होऊन गेल्यानंतर. त्यानं माणसं एकेक करून टिपली. 1795 मध्ये तो वारला आणि त्याच्या कच्च्या चित्रांवरून थॉमस डॅनियलनं इंग्लंडात 1805 मध्ये हे चित्र पुरं केलं. आणि काम सांगितलं होतं मॅलेटनं. वेल्सची मुलगी पुढे त्याचीच बायको झाली.

“म्हणजे सासऱ्यानं जावयाचा फ्लेक्स काढला,” जावई म्हणाला.

“अजून सासरा झाला नव्हता तो,” मास्तर म्हणाले, पण त्यांनी जावयाकडे पहिल्यांदाच जरा बरोबरीनं बघितलं.

तेव्हापासून मास्तर फ्लेक्सवर सुरुवात खालच्या कोपऱ्यातून करतात. सौजन्य कुणाचं, हे वाचल्याशिवाय वरच्या साहेबांचं माप घेत नाहीत. नेते वर उजवीकडे मोठे, तालुक्याचे पुढारी एक पायरी खाली, आणि तळाला शुभेच्छुकांच्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग. पण तळातला एखादा चेहरा शेजाऱ्यांपेक्षा अर्ध्या इंचानं मोठा निघतो, आणि तोच पैसे भरणारा असतो. प्रिंटर हळूच मान डोलावतो.

गणेशोत्सवात त्याच प्रिंटरला काय सुचलं कोण जाणे, मंडळाच्या फ्लेक्सवर ‘मार्गदर्शक’ म्हणून त्यानं मास्तरांचाही फोटो टाकला. मास्तर पट्टी घेऊनच गेले. सरपंचाच्या पुतण्यापेक्षा त्यांचा चेहरा एक सेंटिमीटरनं लहान भरला, शिवाय मधे दोन देणगीदार. त्या रात्री प्रिंटरला फोन गेला.

“मला दरबाराच्या कठड्याबाहेर उभं केलंयस तू.”

“मास्तर, तुमच्याकडून वर्गणी आली नव्हती.”

“किती लागते?”

प्रिंटरनं आकडा सांगितला. मास्तर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “एवढ्यात अब्दागीर येतंय का बघ. छत्र नको, गैरसमज होतो.”