आक्कांची कात्री

भावकीत फाटलं, तर सातबाऱ्यावर पोटहिस्सा पडायला वर्षं जातात. कोऱ्हाळे बुद्रुकच्या आक्कांच्या घरी तो फोटोत संध्याकाळपर्यंत पडतो. नीरा डाव्या कालव्याला पाणी आलं १८८५ साली. तेव्हापासून पाळीवरून भांडायची सोय आहे. पण भांडणाची अशी चोख नोंद ठेवणारं माणूस विरळा.

फोटो धाकट्या दिराच्या लग्नातला, काळापांढरा. पहिले गेले थोरले दीर, बांधावरून. मग एक भाचा, कारखान्याच्या निवडणुकीत दुसऱ्या पॅनेलला मत दिलं म्हणून. कात्री शिवणाची, फेट्याभोवती फिरताना नखभर कड सोडायची, चेहऱ्याला पातं लावायचं नाही. राग माणसावर, फोटोवर नव्हे. उन्हाळ्यात तर कापायचंच नाही. जुन्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा. हवा कोरडी असली की तो कडक होतो, कागद वाकवला की तडकतो. आक्कांना जिलेटिन माहीत नाही, पण एका मामांच्या कपाळावर पडलेली भेग माहीत आहे. म्हणून चैत्र-वैशाखातल्या भांडणांचा निकाल त्या पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवतात. तोवर काही जण सुटतातही.

कापलेली माणसं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातात. माणसाचा फोटो टाकू नये म्हणतात. आणि गंमत अशी, की कुणी वारलं की दहाव्याच्या आत त्याचीच पोरं मागच्या दारानं येतात, कारण म्हाताऱ्याचा दुसरा फोटोच नसतो. आक्का डबा उघडतात, ‘परत आणून द्यायचा’ असं बजावून देतात. बारामतीचा स्टुडिओवाला खूश. मागची माणसं काढायचं काम आधीच झालेलं.

परवा नातीनं डबा मागितला. आक्का म्हणाल्या, “घे की समदा.”

“सगळा नको. एकच.”

तिनं उचलली मधली जाऊ. आक्कांचा पारा चढला. “ही? हिनं माझ्या पाटल्या मोडल्या! तुझा आज्जा घे, रुबाबदार हाय.”

“मला हीच पाहिजे.”

“का पण?”

नातीनं तुकडा पुढं केला. जावेच्या खांद्यावर चार बोटं होती, चुड्याच्या दोन अर्ध्या बांगड्यांसकट. कापताना आक्कांची कात्री स्वतःच्याच मनगटावरून गेली होती. भिंतीवरच्या चौकटीत त्या गेली कित्येक वर्षं हाताविना उभ्या आहेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘पदराखाली हाय’ म्हणून सांगतात.

आक्कांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

“बोटं माझी हायेत. ती ठेव हितं.”

“मग जावेसकट ठेवावी लागतील.”

“कापून दे.”

नातीनं कात्री त्यांच्याच हातात दिली. आक्कांनी ती दोनदा उघडमिट केली, बाहेरचं ऊन बघितलं आणि म्हणाल्या, “आत्ता नगं. तडकंल. पाऊस पडू दे.”