बेरजेबाहेरचे अध्यक्ष

आमच्या पतसंस्थेत चहाच्या बिलावर वाद होतो, कर्जाच्या जामीनदारावर वाद होतो, वार्षिक सभेत वाटायच्या डब्याच्या रंगावर तर हमखास होतो. भाऊसाहेबांच्या फाइलवर मात्र कधी झाला नाही. भाऊसाहेब म्हणजे आमचे निवृत्त हेडक्लार्क. जाताना त्यांनी शाल आणि नारळ नेला आणि 'अंदाजपत्रक अंतिम नवीन खरे' या नावाची एक्सेलची फाइल आमच्यासाठी ठेवली. खोटे अंदाजपत्रक कुठे आहे, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

दरवर्षीचा विधी ठरलेला. मागच्या वर्षाची शीट कॉपी करायची, डोक्यावरचं साल बदलायचं. C या स्तंभात गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च भरायचा आणि त्याची बेरीज लेखापरीक्षकांच्या अहवालातून बघून हाताने टाकायची. D मध्ये येत्या वर्षाचा अंदाज भरायचा. त्याची बेरीज आपोआप होते. तिला हात लावायचा नाही, कारण ती भाऊसाहेबांनी घातली आहे.

या अंदाजपत्रकाचा एक गुण संचालकांना फार आवडायचा. पुढल्या वर्षी खर्च कमी होणार, असं ते दरवर्षी सांगायचं. सगळे बाकं वाजवायचे. वर्ष सरलं की खर्च वाढलेलाच असायचा. मग सचिव उठून 'महागाई' एवढा एकच शब्द बोलायचे आणि सगळे माना डोलवायचे. महागाईवर अविश्वास दाखवणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यायचा आहे.

यंदा संचालक मंडळाची सभा दुपारी चारला होती. अंदाजपत्रकाच्या प्रती काढून, स्टेपल मारून टेबलावर तयार होत्या. तेवढ्यात उपाध्यक्षांचा निरोप आला, अक्षर बारीक आहे, त्यांच्यासाठी एक प्रत मोठ्या टायपात काढा. मी फाइल उघडली, D5 पासून D23 पर्यंत माउस ओढला आणि टाइप मोठा करणार, तोच नजर खालच्या पट्टीवर गेली. निवडलेल्या आकड्यांची बेरीज एक्सेल तिथे न मागता दाखवतं. तिथे होते १८,९६,०००. त्याच्या जरा वर, D24 मध्ये ठळक अक्षरांत एकूण खर्च होता १७,७६,०००.

सरकारी शाळेत शिकलो असलो तरी एक लाख वीस हजार म्हणजे दहा हजार गुणिले बारा, हे मला कळतं. आणि दरमहा दहा हजारांची बाब यादीत एकच होती. पहिलीच. अध्यक्षांचा वाहन भत्ता.

D24 वर जाऊन F2 दाबलं. असं केलं की सूत्र ज्या घरांची बेरीज करतं त्यांच्याभोवती रंगीत चौकट येते. चौकट 'कर्मचारी पगार'पासून सुरू होऊन 'किरकोळ'पर्यंत शहाण्यासारखी गेली होती. अध्यक्षांचा भत्ता तिच्या वर, बाहेर उभा होता, लग्नात आहेर विसरलेल्या पाहुण्यासारखा. सूत्र असं होतं:

```
=SUM(D6:D23)
```

हे कसं झालं असेल ते लक्षात यायला वेळ लागला नाही. मूळ यादी D5 ते D22 होती. पुढे भत्ता सुरू झाला, आणि अध्यक्षांची बाब 'स्टेशनरी'च्या खाली कशी घालणार? म्हणून पगाराच्याही वर नवी ओळ घातली गेली. यादीच्या मधोमध ओळ घातली तर बेरजेचा पल्ला आपोआप वाढतो. पहिल्या ओळीच्या वर घातली तर एक्सेल अख्खा पल्ला एक घर खाली सरकवतं आणि नवी ओळ बाहेर राहते. म्हणजे अध्यक्षांना मान दिला गेला आणि त्या मानापायीच ते बेरजेतून गेले. मग दरवर्षी शीटची कॉपी झाली आणि चूक वारसाहक्काने पुढे आली.

एक्सेलने सांगायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. शेजारचा आकडा सुटला की ते घराच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण काढतं. त्या घरावर गेलं की शेजारी इशाऱ्याची खूण येते आणि ती दाबली की उघडणाऱ्या यादीत `Formula Omits Adjacent Cells` असं लिहिलेलंही असतं. पण त्याच यादीत खाली `Ignore Error` असतं. ते एकदा दाबलं की त्या घरावरचा त्रिकोण जातो, आणि ही माफी फाइलबरोबर जतन होते. प्रिंट स्वच्छ दिसावी म्हणून कोणीतरी ती बहाल केली असणार. त्रिकोण छापला जातच नाही, हे त्याला कोणी सांगितलं नसेल.

भाऊसाहेबांना फोन लावला.

"ती बेरीज मी स्वतः तपासलेली आहे," ते म्हणाले.

"कधी, भाऊसाहेब?"

"केली तेव्हा!"

यावर काय बोलणार? तसं पाहिलं तर भाऊसाहेब मोठ्या पंगतीत बसले होते. अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली देशांच्या कर्जावर एक निबंध लिहिला, जगभर गाजला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ फाइल मागवून पाहिली, तर सरासरीचं सूत्र वीस देशांऐवजी पंधरांवरच थांबलेलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क चौकटीबाहेर. त्या निबंधात इतरही दोष निघाले, पण लोकांच्या लक्षात राहिली ती चौकटच. आमच्याकडे निदान एकच अध्यक्ष सुटले होते.

सचिवांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग स्टेपल मारलेल्या गठ्ठ्याकडे.

"इतकी वर्षं चाललंय ना?" ते म्हणाले. "मग आजच कसं निघालं?"

"उपाध्यक्षांचा चष्मा, साहेब."

गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च १८,४०,००० होता. छापलेल्या कागदावर चौसष्ट हजारांची बचत होती. खऱ्या हिशेबाने छप्पन्न हजारांची वाढ. सचिव दोन्ही आकडे बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे महागाई नव्हती?"

"असेल, साहेब. पण इतकी नव्हती."

सूत्र दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागलं. मात्र नुसतं D6 चं D5 करून भागत नाही. उद्या नवे अध्यक्ष आणखी एक ओळ वर घालतील आणि तीही बाहेरच राहील. म्हणून यादीच्या वर आणि खाली एकेक रिकामी, अरुंद ओळ ठेवली आणि बेरजेचा पल्ला त्या रिकाम्या ओळींसकट घेतला. आता वर किंवा खाली कोणीही आलं तरी ते त्या दोन ओळींच्या मध्येच येतं, म्हणजे बेरजेत येतं. रिकाम्या ओळींची बेरीज शून्य, त्यांचा कोणाला त्रास नाही.

सभेत सचिवांनी सुधारित प्रती वाटल्या आणि घसा खाकरून खुलासा केला. अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं माझा भत्ता धरलेलाच नव्हता? मग मी मानद सेवा केली असं इतिवृत्तात घ्या."

खजिनदारांनी नम्रपणे आठवण करून दिली, की भत्ता अंदाजात धरला नव्हता. उचलला दरमहा होता.

इतिवृत्तात 'तांत्रिक दुरुस्तीसह अंदाजपत्रक मंजूर' एवढंच आलं. बाकं कोणी वाजवली नाहीत. उपाध्यक्षांनी आपली मोठ्या टायपातली प्रत उचलली आणि आता सगळं स्पष्ट दिसतं म्हणाले.

तुमच्याही कचेरीत अशी एखादी पूज्य फाइल असेलच. सभेच्या आदल्या दिवशी तिच्यातले आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत माउसने निवडा, खालच्या पट्टीतली बेरीज छापील बेरजेशी जुळवा, आणि स्टेपलर त्यानंतर हातात घ्या.