मी तयार आहे

डबिंगसाठी इंग्रजी मालिकेचं मराठी करून देण्याचं काम मी मोठ्या तोऱ्यात घेतलं. पहिल्याच भागात दरोडेखोर गाडीत दबा धरून बसलेत. म्होरक्या दबक्या आवाजात विचारतो, ‘रेडी?’ शेजारचा म्हणतो, ‘रेडी.’ मी लिहिलं, ‘तू तयार आहेस का?’ ‘होय, मी तयार आहे.’ एकही चूक नाही. शाळेत असतो तर दहापैकी दहा.

स्टुडिओत पडद्यावरच्या म्होरक्याचं तोंड कधीच मिटलं होतं, तरी आमचा म्होरक्या अजून ‘आहेस का’पर्यंत पोचत होता. त्यावर दुसऱ्यानं असं काही गंभीरपणे ‘होय, मी तयार आहे’ म्हटलं, की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट म्हणाला, “मग मुलीकडच्यांना कळवू का?” मी सोडून सगळे हसले.

आवाज देणारे एक काका जुने नाटकवाले. ते म्हणाले, “अहो, विंगेत कुणी ‘तयार आहात का’ विचारतं? ‘घंटा देऊ?’ म्हणतात. आपण म्हणायचं, ‘दे.’” तयारी झाली का हे विचारायचंच नाही, पुढचं काम करू का एवढंच विचारायचं. आणि उत्तरात ते करायला सांगून टाकायचं. काकांनी पेन घेऊन माझं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: ‘निघायचं?’ ‘काढ गाडी.’ ओठांवर अगदी बरोब्बर बसलं नाही, पण दरोडा पडेल असं वाटलं.

मग मी उरलेली पानं घेऊन बसलो. ऑपरेशनच्या टेबलाशी ‘करायचं सुरू?’ ‘करा.’ आईनं दाराशी उभं राहून ‘आवरलं का गं?’ विचारलं, की आतून ‘आलेच!’ मुलगी अजून एक वेणी घालतेय, पण क्रियापद भूतकाळात. हा भूतकाळ आपल्याकडे फार उदार आहे. ‘निघालोय’ म्हणणारा माणूस बहुधा रस्त्यावर असतो, पण ‘निघालोच’ म्हणणारा अजून चप्पल शोधत असतो. तो ‘च’ दिसला की अर्धा तास धरावा.

‘तयार’ला मी हद्दपार मात्र केलं नाही. डबा तयार असतो, गवयाचा गळा तयार असतो, जावई यायला तयार नसतो. लहान मुलाला ‘तयार हो’ म्हणतोच आपण. तिथं तो शब्द घरचा आहे. आणि कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी मी सरळ ‘रेडी?’ ठेवलं. ती एरवीही तेच म्हणतात. त्यांना ‘सज्ज’ करायला गेलो असतो तर हातात तलवारी द्याव्या लागल्या असत्या.

परवा निर्मात्याचा फोन आला, “दुसरा भाग झाला का?”

फाइल मी अजून उघडलीही नव्हती. अगदी अस्सल मराठीत म्हणालो, “झालाच!”