अनुभव २१ वर्षे, भाषा तीन

डॉक्टर शोधायला ॲप उघडलं की आधी फोटो दिसतो. हाताची घडी, गळ्यात स्टेथोस्कोप. मग तो डॉक्टर हृदयाचा असो की त्वचेचा. फोटोखाली नाव, नावाखाली पदव्या आणि पदव्यांखाली एक ओळ: ‘ईएनटी स्पेशालिस्ट. एकूण अनुभव २१ वर्षे, पैकी तज्ज्ञ म्हणून १७. भाषा: इंग्रजी, हिंदी, मराठी.’ बहुतेक लोक या ओळीवरून थेट फीच्या आकड्यावर उडी मारतात. मला मात्र ती ओळ स्थळाच्या बायोडाट्यासारखी वाचायची खोड आहे. काय लिहिलंय, कशाच्या आधी काय लिहिलंय आणि मुख्य म्हणजे काय गाळलंय.

या ओळीची आजी म्हणजे दवाखान्याची पाटी. तिच्यावर तर सरकारी नजर होती, आणि अजून आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेची २००२ सालची नियमावली सांगते, की पाटी अवाजवी मोठी नको; तिच्यावर नाव, मान्य पदव्या, आपली शाखा आणि कोणत्या परिषदेचा कोणता नोंदणी क्रमांक, एवढंच हवं. औषधाच्या दुकानावर पाटी लावायची नाही, हेही त्यात आहे. २०२३ साली नवी नियमावली आली खरी, पण त्याच महिन्यात स्थगित झाली आणि जुनीच चालू राहिली. नियम करणाऱ्यांना सगळ्यांच्या पाट्या एका मापाच्या हव्या होत्या. मोबाइलने ते काम करून दाखवलं: सगळ्यांचं नाव एकाच आकाराच्या अक्षरात. फक्त कोणाचं नाव सगळ्यात वर, याचा हिशेब नियमावलीत नव्हता, तो आता वेगळ्या खिडकीवर होतो.

मला ही ओळ नीट वाचावी लागली ती आत्यासाठी. आत्या अक्कलकोटची. माहेरी मराठी, सासरी मराठी आणि अंगणात, भाजीवालीशी, देवळात कन्नड. तिला चक्कर यायला लागली. गावात कोणीतरी ‘मानेचं आहे’ म्हणून गळ्याला पट्टा बांधला. पट्टा बांधून चक्कर तशीच येत राहिली, वर मान अवघडली ती वेगळी. मग ती पुण्याला आमच्याकडे आली आणि मी ॲप उघडलं.

शाखेच्या चौकटीत काय निवडायचं, इथेच पहिला घोटाळा. चक्कर लिहिल्यावर जे डॉक्टर समोर आले, त्यांत मेंदूचे होते, कानाचे होते, हाडांचे होते, फिजिशियन होते आणि एक मधुमेह, थायरॉइड, वजन, केसगळती आणि चक्कर अशा पाचही आघाड्यांवर ‘स्पेशालिस्ट’ असलेले सद्गृहस्थ होते. वास्तविक त्याच नियमावलीत असंही आहे, की त्या शाखेची खास पात्रता असल्याखेरीज डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये. पण ॲपमध्ये शाखा आणि ‘यांवर उपचार करतात’ ही यादी एकमेकांना इतक्या चिकटून उभ्या असतात, की दुसरीतलं सामान पहिलीत सांडतं. म्हणून वाचायचं ते पदवीच्या कंसात. एम.डी. म्हटलं की आपण मान डोलावतो. पण कंसात ‘मेडिसिन’ असेल तर तो एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षं शिकलेला फिजिशियन. कंसात ‘आयुर्वेद’ असेल तर शास्त्रच निराळं आणि नोंदणीची परिषदही निराळी. रशियाकडून शिकून येणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर तर पहिल्याच पदवीला एम.डी. म्हणतात, जी आपल्या एम.बी.बी.एस.च्या तोडीची. आणि जिथे कंसच नाही, तिथे आपण विचारायचं. डॉक्टर रागावत नाहीत; रागावलेच तर तेही एक उत्तर समजावं.

आता आत्याची गोष्ट ऐकून कोणती शाखा, हे खरं तर ठरत होतं. ती म्हणायची, “कूस बदलली की घर फिरतं गं, आढ्याचा पंखा बंद असून फिरतोय असं वाटतं. घडीभरात थांबतं.” डोळ्यांपुढे अंधारी येत नव्हती, उभं राहताना तोल जात नव्हता. कूस बदलल्यावरच, आणि मिनिटाच्या आत थांबणारं गरगरणं, हे बहुतेक वेळा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांचं काम असतं. तिथले बारीक खडे जागा सोडून नळीत शिरतात आणि डोकं हललं की मेंदूला खोटी खबर देतात. मी डॉक्टर नाही; हे सगळं मला आमच्या शेजारच्या निवृत्त सिस्टरांनी सांगितलं आणि वर म्हणाल्या, “कानाचा बघ. आणि ऐकून घेणारा बघ.”

तेव्हा कानाचे डॉक्टर आले आणि त्यांच्याबरोबर अनुभव आला. अनुभवाचा आकडा मोठा दिसावा असं कोणाला वाटत नाही? प्रश्न असतो तो मोजायला सुरुवात कुठून केली याचा. एम.बी.बी.एस. साडेपाच वर्षांचं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मग कायमची नोंदणी. मग एम.एस. तीन वर्षं. कोणी नोंदणीपासून मोजतो, कोणी एम.एस. झाल्यापासून आणि काही आशावादी मंडळी कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून. म्हणून ‘एकूण’ आणि ‘तज्ज्ञ म्हणून’ असे दोन आकडे असले तर बरं. त्यांच्यातला फरक तीन-चार वर्षांचा निघाला तर गडी सरळ शिकत गेला असं धरायला हरकत नाही. फरक शून्य असेल, म्हणजे एकूणही २१ आणि तज्ज्ञ म्हणूनही २१, तर डॉक्टर एम.बी.बी.एस. होताक्षणी कानाचे तज्ज्ञ झाले असं मानावं लागेल. आणखी एक गंमत अशी, की हा आकडा दर वर्षी आपोआप एकाने वाढतो. वर्षभर डॉक्टर परदेशी मुलाकडे राहून आले तरी अनुभव इकडे वाढतच असतो.

आमच्या डॉक्टरांचा फरक चारचा, म्हणजे चोख. पण मी एक पायरी पुढे गेले. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बहुधा सालापासून सुरू होतो. पाटीवर, चिठ्ठीवर, पावतीवर तो लिहावाच लागतो, प्रोफाइलमध्येही खाली बारीक अक्षरात असतो. यांच्या क्रमांकात साल होतं २०१४. मी ही ओळ वाचत होते २०२५ मध्ये. म्हणजे ११ वर्षं. ओळीत २१. दहा वर्षं कुठून आली?

नोंदणीचं देशाचं रजिस्टर राष्ट्रीय आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. नाव टाकायचं आणि परिषद, साल, पदवी, विद्यापीठ वाचायचं. तिथे त्याच नावाची आणखी एक नोंद सापडली: कर्नाटक, २००४. एम.बी.बी.एस. हुबळीचं, एम.एस. २००८. सगळं जुळलं. २००४ पासून २१, २००८ पासून १७. २०१४ हे साल अनुभवाचं नव्हतंच, ते महाराष्ट्रात येऊन इथल्या परिषदेत नाव घातल्याचं होतं. नोंदणी क्रमांकावरून वय काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. नाहीतर सरळमार्गी माणसाच्या नावावर दहा वर्षांचा घोटाळा मांडून बसाल.

पण त्या नोंदीने मला दुसरंच काही सांगितलं. हुबळीत साडेपाच वर्षं शिकलेला माणूस कन्नड बोलत नसेल, हे कसं शक्य आहे? आणि ओळीत तर भाषा तीनच.

भाषांच्या या रकान्याची कोणी पडताळणी करत नाही. पदवीला विद्यापीठ आहे, सालाला परिषद आहे, ‘मराठी’ लिहिलंय त्याला कोण विचारणार? कोणाची मराठी ‘कुठे दुखता है’ इथे संपते, कोणाची उत्तम असते पण लिहायची राहून जाते. आणि तरी पेशंटच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा रकाना तोच. १९७५ साली ब्रिटनमधल्या एका ओपीडीत हे मोजून पाहिलं होतं. ८० नवे पेशंट. त्यांतल्या ६६ जणांचं निदान डॉक्टरांनी आधीची चिठ्ठी वाचून आणि फक्त पेशंटचं बोलणं ऐकूनच बरोबर ओळखलं होतं. हात लावून तपासणं, रक्त, एक्स-रे यांनी उरलेल्यांतल्या काहींत भर घातली. बोलणं हीच मोठी तपासणी असेल, तर आत्याने गरगरण्याचं वर्णन परक्या भाषेत करून कसं चालेल? हिंदीत तिच्या चार तऱ्हांच्या तक्रारींचा एकच ‘चक्कर’ होतो, आणि चक्करला कोणीही काहीही देतं. पट्टासुद्धा.

संध्याकाळी पावणेसातची वेळ मिळाली, नंबर साडेसातला लागला. डॉक्टर पन्नाशीच्या आतले, बोलायला मऊ. त्यांनी मराठीत विचारलं, मराठी स्वच्छ होती, किंचित दक्षिणेकडे झुकलेली. आत्या मात्र डॉक्टरांसमोर पुस्तकी झाली. “चक्कर येते,” एवढंच. किती वेळ? “येते.” कधी? “कधीपण.” घरी पंख्यासकट सांगणारी बाई इथे पोस्टकार्डाइतकी आखडली.

मग त्यांनी तिला टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि धरून पटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकेल असं. डोळे उघडे ठेवा, माझ्याकडे बघा. चार-पाच सेकंद काही नाही. मग आत्याचे डोळे आपसूक थरथरायला लागले आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मराठी नव्हतं. घर, आढं, देव आणि डॉक्टर या सगळ्यांना उद्देशून अस्सल अक्कलकोटी कन्नड. डॉक्टरांनी तिचं डोकं धरूनच त्याच भाषेत उत्तर दिलं.

पुढची दहा मिनिटं मला काही कळलं नाही, पण आत्या बोलत होती. पंखाही आला असावा, कारण तिने वर बोट केलं. डॉक्टरांनी डोकं टप्प्याटप्प्याने एका बाजूकडून दुसरीकडे फिरवलं, प्रत्येक टप्प्यावर जरा थांबून, आणि शेवटी तिला उठवून बसवलं. खडे घरंगळवून जागेवर नेण्याची हीच रीत. गोळी नाही, सुई नाही. बहुतेकांना एक-दोनदा पुरते, काहींना काही महिन्यांनी पुन्हा त्रास होतो, तेव्हा पुन्हा करायची. पट्टा काढून टाका म्हणाले, तो गळ्यात ठेवायचं कारण नाही. हे मला मराठीत सांगितलं.

“डॉक्टर, तुमच्या प्रोफाइलमध्ये कन्नड नाही,” मी म्हटलं.

ते हसले. “ते मी कुठे भरलं? कंपनीचा मुलगा आला होता, भराभर विचारत गेला. भाषा विचारल्या तेव्हा बाहेर पेशंट बसले होते. पुण्यात कन्नड कोण विचारतंय, म्हणून तीन सांगितल्या.”

“लिहा की हो!” आत्या म्हणाली. “आमच्या गावचं निम्मं गाव येईल.”

अजून तरी त्यांनी लिहिलेलं नाही. पण अक्कलकोटहून अधूनमधून कोणाचा तरी फोन येतो. आत्या मग चष्मा लावून पावतीवरचा दवाखान्याचा नंबर वाचून दाखवते आणि त्यांची माहिती स्वतःच्या क्रमाने सांगते: “आपल्यातलं बोलतात. कानाचे आहेत. अनुभव असेल की, केस पिकलेत.”