उपकारांची खतावणी

अंबरनाथ-बदलापूरच्या लोकलमधल्या प्रत्येक ग्रुपात एक हिशेबी मित्र असतो. मदतीला तो सगळ्यांच्या आधी धावतो, हे त्याच्या बाजूने आधीच सांगायला हवे. सकाळी अंबरनाथहून उलट बदलापूरला जाऊन, तिथून सुटणाऱ्या गाडीत मित्रासाठी रुमाल टाकून जागा धरणारा तोच. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मित्राच्या कपाटाचा भाव पाडून देणाराही तोच. फक्त त्या जागेचे सुख मित्राला दादरपर्यंत पुरते आणि तिची नोंद याच्याकडे वर्षानुवर्षे राहते.

ही वही एरवी मिटलेली असते. नकार मिळाला की उघडते. "शनिवारी सामान हलवायला जमणार नाही रे," असे मित्राने कळवले, की उत्तर येते : "हरकत नाही. २०१९च्या जुलैत बदलापुरात पाणी भरलं तेव्हा तुम्ही चौघं दोन रात्री आमच्याकडे होतात. पण ते मी कधी काढलं नाही." हे न काढण्याची त्याची ही तिसरी वेळ. पाठोपाठ मित्राचाच तेव्हाचा 'तुझे उपकार विसरणार नाही' हा मेसेज शोधून, तारखेसकट पुन्हा पाठवला जातो. पुरावा दाखल!

नुसता जुन्या मदतीचा उल्लेख झाला म्हणून कोणी हिशेबी ठरत नाही. पुराच्या गोष्टी गाडीत हसत-खिदळत निघतातच. पाहायचे ते एवढेच, की आठवण कधी निघते आणि कोणाची निघते. ती दर वेळी नकारानंतर किंवा नव्या मागणीच्या आधी येत असेल आणि तिच्यात मित्राने केलेले काहीच नसेल, तर ती वसुली समजावी. याच हिशेबी मित्राच्या वडिलांसाठी दुसऱ्याने रुग्णालयात काढलेली रात्र त्या वहीत सापडत नाही. उसन्या पैशांची गोष्ट मात्र वेगळी. ते मागणे हा हक्क आहे, आणि ते बुडवणाऱ्याने समोरच्याला हिशेबी म्हणू नये.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्गारेट क्लार्क यांनी १९८४मध्ये मैत्रीतल्या हिशेबावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोघांनी मिळून एका तक्त्यातले आकडे शोधायचे आणि मिळणारे बक्षीस वाटून घ्यायचे. अनोळखी जोडीदार बहुधा वेगळ्या रंगाचे पेन उचलत, म्हणजे कोणी किती शोधले ते कळावे. मित्रांना त्याची गरज वाटली नाही. हिशेबी मित्राने वेगळ्या रंगाचे पेन उचललेले असते. कधी लोभाने, पण बऱ्याचदा आपले केलेले कोणाच्या लक्षातच राहत नाही या भीतीने. म्हणून पहिल्या वेळी त्याला दुखावलेला समजावे आणि फोन करून काय खुपले ते विचारावे. विचारल्यानंतरही पुढच्या नकाराला २०१९चा पूर पुन्हा आला, तर तो मित्र उरलेला नाही, सावकार झाला आहे. त्याच्याकडून यापुढे खिडकीची जागासुद्धा घेऊ नये.