मावशी, तव्याआधी बोला!

दुभाष्याला वक्त्याची भीती वाटत नाही, तव्याची वाटते. वक्ता थांबतो, पाणी पितो, तेवढ्यात आपलं भाषांतर उरकतं. तवा कुणासाठी थांबत नाही.

नृसिंहाच्या देवळाची पोखर्णी. एका अंगणात फ्रेंच हॉटेल-प्रशिक्षणार्थी ज्वारीची भाकर शिकायला बसलेले. शिकवणाऱ्या मावशी मोठ्या हॉटेलात शेफ; डोक्यावर उंच पांढरी टोपी, पण बोलणं अस्सल पोखर्णीचं. पीठ ‘परभणी मोती’ ज्वारीचं, परभणीच्याच कृषी विद्यापीठानं काढलेल्या वाणाचं.

मावशींना मी आदल्या दिवशीच विनवलं होतं, “मावशी, जे सांगायचं ते तव्याआधी सांगा. भाकर तव्यावर पडली की हात चालू द्या, तोंड बंद.”

“आन् तू?”

“मीही गप्प.”

कारण साधं आहे. भाकर तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी वाळायच्या आत ती उलटायची. पाणी वाळलं की भाकरीला भेगा पडतात आणि ती फुगत नाही. माझं भाषांतर त्या पाण्याहून लांबलं, तर चूक व्याकरणाची नसली तरी भाकरीवर दिसते. पिठाचंही तेच. एकेका भाकरीपुरतं मळायचं आणि लगेच थापायचं. मी पाल्हाळ लावला तर गोळा सुकतो, कडा फाटतात.

वहीत म्हणूनच वाक्यं नसतात. जाँ-फ्रांस्वा रोझाँ यांनी १९५६ साली दुभाष्यांच्या टिपणांवर पुस्तक लिहिलं. शब्द नको, कल्पना टिपा. शेजारी शेजारी न लिहिता वरून खाली उतरत जा, हे त्यातलंच. माझ्या पानावर वर एक थेंब, त्यातून वाफ, खाली गोळा, त्याखाली वळलेला बाण. ‘जरा’ म्हटलं की एक रेघ, ‘लई’ म्हटलं की दोन. आकडा मात्र ऐकताक्षणी लिहायचा, तो डोक्यात टिकत नाही.

आकड्यांचीच तर पंचाईत. “पाणी किती?” या प्रश्नाला मावशींचं उत्तर, “पीठ मागंल तेवढं.” ते मी तसंच फ्रेंचमध्ये नेलं. पाहुणे पेन्सिली वर धरून बसले. मग मावशींनाच वाटीनं मोजून घालायला सांगितलं.

पुढे मावशी म्हणाल्या, “पिठाची विरी गेली की भाकर थापत नाही.” इथे शब्दाला शब्द शोधत बसलं तर गोळा वाळणार. मी सांगितलं : ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून कढत पाण्यानं पीठ चिकट करून घेतात; जुनं पीठ तसं धरत नाही, थापताना कडेनं फुटतं. मावशींनी शिळ्या पिठाचा गोळा थापून दाखवला. तो फुटला. माझी चार वाक्यं वाचली.

मग खरी भाकर तव्यावर पडली. मागच्या रांगेतून एकानं विचारलं, उलटायची कधी? मी मावशींकडे प्रश्न नेईपर्यंत त्यांनी ती उलटूनही टाकली होती, आणि विचारणारा मान डोलावत लिहायला लागला होता.