सनावळीतला पाहुणा

गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबांवर सनदी लेखापाल बोलणार, म्हणून सभासद जमतात. निवेदक पाहुण्यांच्या परिचयाचा कागद उलगडतात आणि सन १९८७ पासून सुरुवात करतात. आंतरशालेय वक्तृत्व, उत्तेजनार्थ. मग बुद्धिबळ. मग रक्तदानाचं प्रशस्तिपत्र. सभासदांना हवी असलेली ओळ नवव्या क्रमांकावर येते, तोवर पुढच्या रांगेतले काका डुलक्या घेत असतात.

ती ओळ अशी: सहकार खात्याच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर नाव. महाराष्ट्रात सोसायटीचं लेखापरीक्षण करायला हे नाव लागतंच, पण ते पडलं बिचारं २०१६ चं.

काहीजण यादी उलटी करतात, ताजं ते आधी. मग गेल्या महिन्यातलं मॅरेथॉनचं पदक डोक्यावर बसतं.

खरं तर समोर कोण बसलंय ते पाहून यादी लावावी. सोसायटीवाल्यांसमोर नामतालिका पहिली, मागोमाग सनदी लेखापालांच्या संस्थेचं सभासदत्व. त्यातलं ‘फेलो’ थोडं हळूच म्हणावं. त्याला वेगळी परीक्षा नसते, सलग पाच वर्षांचा व्यवसाय आणि फी पुरते. संगणकीय लेखापरीक्षणाचं प्रमाणपत्र बँकेच्या संचालकांपुढे वर चढवावं, इथे तिसरं चालेल. साल मात्र प्रत्येकापुढे ठेवावं, कारण नामतालिकेला मुदत असते आणि संपलेली मुदत क्रम बदलून झाकली जात नाही. उत्तेजनार्थ बक्षीस? ते शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात पहिल्या क्रमांकावर खुशाल वाचावं.